‘y’ दाबण्याआधी पूर्ण ओळ वाचा

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात छोट्या वर्कशॉपना सीएनसी प्रोग्रॅम करून देणं हा माझा धंदा. मोठ्या गाडी कंपन्यांना माल देणारे कारखाने असतात, त्यांना माल देणारी आणखी छोटी युनिट्स असतात आणि त्या युनिटमधल्या व्हीएमसीवर जो प्रोग्रॅम चालतो, तो बहुतेक वेळा कुठल्या तरी जुन्या प्रोग्रॅमवरून दुरुस्त केलेला असतो. ड्रॉइंगची नवी रिव्हिजन येते, त्यात एखादं माप बदललेलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत मशीन चालू व्हायला हवं असतं. एवढ्यासाठी कॅममध्ये पहिल्यापासून कोणी जात नाही. फाइल विममध्ये उघडायची, जुनं माप शोधायचं, नवं टाकायचं आणि पेनड्राइव्हवर घेऊन मशीनकडे निघायचं.

हे काम विमच्या `:s` कमांडने होतं. तिच्या शेवटी `c` लावला की प्रत्येक बदलाआधी विम थांबून विचारतो, म्हणून ती सुरक्षित समजली जाते. “एकेक बघून केलंय, साहेब” हे वाक्य मी अनेक सेटरांकडून ऐकलंय. ते खोटं बोलत नसतात. पण एकेक बघताना नेमकं काय बघायचं हे ठरलेलं नसेल, तर `c` लावूनही माल भंगारात जातो. असा एक प्रकार मी जवळून पाहिलाय. फाइलसुद्धा पुढे माझ्याच हातात आली, त्यामुळे तिचं पोस्टमॉर्टेम तपशिलात सांगता येईल.

काय घडलं

जॉब होता एडीसी-१२ या ॲल्युमिनियमच्या डायकास्टिंगचं एक हाउसिंग. वरच्या पृष्ठभागावर एम-८ आट्यांची दहा भोकं. त्यातली चार कोपऱ्यांतली, म्हणजे माउंटिंगची, आणि सहा मधली, कव्हर बसवण्याची. दहाही भोकं एकाच ६.८ मिमीच्या ड्रिलने, एकाच खोलीपर्यंत, ड्रिलच्या टोकापर्यंत १८ मिमी. रिव्हिजन बी आली, तिच्यात कोपऱ्यांतल्या चार भोकांची खोली २२ मिमी झाली. कव्हरची सहा होती तशीच राहायची होती, कारण त्यांच्या खाली २१ मिमीवर तेलाची वाट होती.

फाइलमधला ड्रिलचा भाग असा होता:

```
(DRILL 6.8 - M8 - Z-18.)
T04 M06
T05
G90 G54 G0 X-85. Y-60. S3200 M03
G43 H04 Z50. M08
G98 G81 X-85. Y-60. Z-18. R2. F480
X-32. Y-52. Z-18.
X32. Y-52. Z-18.
X85. Y-60. Z-18.
X58. Y0. Z-18.
X85. Y60. Z-18.
X32. Y52. Z-18.
X-32. Y52. Z-18.
X-85. Y60. Z-18.
X-58. Y0. Z-18.
G80 M09
```

कॅमने भोकांचा क्रम जवळच्या रस्त्याने लावलाय, त्यामुळे कोपऱ्यांतली आणि कव्हरची भोकं एकमेकांत मिसळली आहेत. याशिवाय फाइलमध्ये आणखी तीन ठिकाणी हाच आकडा होता. एंड मिलने करायच्या पॉकेटच्या तळाला `G1 Z-18. F300`, मधल्या बोअरला `Z-18.5`, आणि शेवटी डॉवेलच्या भोकांचा एक जुना सबप्रोग्रॅम. तो कुणीतरी वर्षांपूर्वी हाताने लिहिलेला, मायक्रॉनमध्ये, म्हणून तिथे १८.५ मिमी हे माप `Z-18500` असं होतं.

प्रोग्रॅम दुरुस्त करणाऱ्या मुलाने ही कमांड दिली:

```
:%s/Z-18./Z-22./gc
```

पॉकेट आलं, त्याने `n` दाबलं. बरोबर. बोअर आलं, पुन्हा `n`. तेही बरोबर. मग कॉमेंट आली, `y`. मग ड्रिलच्या ओळी सुरू झाल्या. दोन-चार वेळा `y` दाबल्यावर त्याला वाटलं, आता ड्रिलच चालू आहे, सगळ्या ओळी सारख्याच आहेत, आणि त्याने `a` दाबलं. `a` म्हणजे हा आणि यापुढचे सगळे, न विचारता.

बुधवारी रात्रपाळीत जॉब लागला. पहिल्या पीसवर बदललेलं माप तपासलं, कोपऱ्यातली खोली २२ भरली, सही झाली. कव्हरच्या भोकांचं माप बदललेलं नव्हतं, त्यामुळे ते कोणी मोजलं नाही. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. शुक्रवारी लीक टेस्टला पहिला पीस पाण्यात बुडवून हवा दिली आणि कव्हरच्या बाजूने बुडबुडे आले. दुसऱ्यालाही आले, तिसऱ्यालाही. ड्रिलचं टोक तेलाच्या वाटेत एक मिमी उतरलं होतं. ११८ अंशांच्या टोकाने एवढ्यात सव्वातीन मिमीचं छिद्र पडतं. कास्टिंगमध्ये ते परत बुजवता येत नाही.

फाइल मला दाखवली गेली तेव्हा सुरुवातीला सगळेजण ड्रिलच्या ओळींकडे बोट दाखवत होते. मी शेवटपर्यंत खाली गेलो, तर डॉवेलच्या सबप्रोग्रॅममध्ये `Z-22.00` दिसलं. हे माप कॅम असं लिहीत नाही आणि माणूसही लिहीत नाही. ते दोन शून्य म्हणजे `Z-18500` चं उरलेलं शेपूट. म्हणजे शोधताना ठिपक्याची काळजी घेतली नव्हती, आणि शेवटपर्यंत सरसकट बदल झाला होता. डॉवेलची भोकंही साडेतीन मिमी जास्त खोल गेली होती. तिथे खाली मोकळं मटेरियल होतं, म्हणून ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

विम थांबतो तेव्हा काय दाखवतो

`c` चा अर्थ कन्फर्म. विम प्रत्येक जुळणीवर जाऊन उभा राहतो, तो शब्द रंगवून दाखवतो आणि खाली विचारतो:

```
replace with Z-22. (y/n/a/q/l/^E/^Y)?
```

नव्या आवृत्त्यांमध्ये याच अक्षरांचे पूर्ण शब्द दिसतात. `y` म्हणजे बदल, `n` म्हणजे सोड आणि पुढे चल, `q` किंवा एस्केप म्हणजे थांब, `l` म्हणजे हा एक बदल आणि थांब. कंट्रोल-ई आणि कंट्रोल-वाय यांनी मजकूर वर-खाली सरकवून आजूबाजूच्या ओळी बघता येतात. इथे मागे जाण्याची कळ नाही. चुकीचं `y` पडलं, तर पुढच्या प्रश्नाला उत्तर द्यायच्या आधी ते परत घेता येत नाही.

ही सोय विमपेक्षा जुनी आहे. विम १९९१ मध्ये ब्रॅम मोलेनारने लोकांसमोर आणला. त्याआधी सत्तरच्या दशकात बर्कलेला बिल जॉयने `ex` हा एडिटर लिहिला, त्यातही `c` होता. तो पूर्ण ओळ छापायचा, जुळलेल्या भागाखाली `^` च्या खुणा काढायचा आणि उत्तराची वाट बघायचा. तिथे समोर येणारी गोष्ट म्हणजे ती ओळच असायची. विमने खुणांच्या जागी रंग आणला. काम सुटसुटीत झालं, पण डोळा रंगावर जाऊन बसायला लागला.

आणि इथेच खरी गोम आहे. रंगवलेला शब्द दर वेळी तोच असतो, कारण आपण तोच शोधायला सांगितलेला असतो. `Z-18.` दहा वेळा दिसणार, दहाही वेळा सारखाच. त्याच्याकडे बघून निर्णय करायला त्यात काहीच नाही. निर्णय असतो त्याच ओळीतल्या न रंगवलेल्या भागात: `X85. Y60.` म्हणजे कोपरा, `X58. Y0.` म्हणजे कव्हर. रंगाकडे बघत राहिलं की चौथ्या-पाचव्या वेळी सगळं सारखंच वाटायला लागतं, आणि मग `a` दाबण्यात काही गैर वाटत नाही. त्या मुलाचं नेमकं हेच झालं.

म्हणून मी शिकवतो तेव्हा पहिली गोष्ट ही सांगतो: कमांड देण्याआधी कागदावर लिहा की ओळीत कशावरून ठरवणार. या जॉबला कागदावर चार जोड्या येतील, `X` ८५ किंवा उणे ८५, `Y` ६० किंवा उणे ६०. विम थांबला की आधी `X` आणि `Y` वाचायचं, चिठ्ठीवर असेल तर टिक करून `y`, नसेल तर `n`. `Z` कडे बघायची गरजच नाही, ते विमने आधीच बघितलंय.

तीच दुरुस्ती, नीट

आता हीच फाइल पहिल्यापासून करू. सगळ्यात आधी नवी प्रत. जुन्या फाइलला हात लावायचा नाही:

```
:sav HSG_REVB.NC
```

मग बदल न करता फक्त मोजणी. `n` हा फ्लॅग लावला की विम काही बदलत नाही, किती जुळण्या आहेत तेवढं सांगतो:

```
:%s/Z-18\.//gn
```

उत्तर येतं १३. एक कॉमेंट, दहा ड्रिल, एक पॉकेट, एक बोअर. ठिपक्याच्या आधी उलटी रेघ दिली नाही तर उत्तर १४ येतं, कारण शोधाच्या भाषेत नुसता ठिपका म्हणजे कुठलंही एक अक्षर, आणि मग `Z-18500` मधला पाचसुद्धा जुळतो. एकाच आकड्याचा हा फरक. पण तो दिसला की फाइलमध्ये मायक्रॉनवाली ओळ लपली आहे हे समजतं. मी मुद्दाम दोन्ही पद्धतींनी मोजतो आणि आकडे वेगळे आले तर का, ते शोधूनच पुढे जातो.

दुसरं काम, कक्षा आवळणं. ड्रिल चार नंबरच्या टूलचं आहे, तर पूर्ण फाइलभर फिरायचं कारण नाही. `gg` ने सुरुवातीला जायचं आणि:

```
:/T04 M06/;/T05 M06/s/Z-18\./Z-22./gc
```

पहिल्या दोन तुकड्यांचा अर्थ, टूल चार बदलतो त्या ओळीपासून टूल पाच बदलतो त्या ओळीपर्यंत. इथे नुसतं `T05` लिहिलं तर फसगत होते. वरचा प्रोग्रॅम पुन्हा बघा, `T04 M06` च्या लगेच खालच्या ओळीवर `T05` आहे. पुढचं टूल तयार ठेवायला मशीनला दिलेली ती सूचना. कक्षा तिथेच संपेल, एकही जुळणी सापडणार नाही, आणि माणूस वैतागून परत `%` लावेल. प्रत्येक मशीनची लिहिण्याची पद्धत निराळी असते, कुठे `T4M6`, कुठे `M06 T04`. आपल्या फाइलमध्ये कसं आहे ते बघून लिहायचं.

टूलचा क्रम आकड्यांप्रमाणे नसेल, म्हणजे पाच नंबरचं टूल आधी येऊन गेलं असेल, तर विम खाली शोधून परत वर जातो आणि विचारतो, कक्षा उलटी आहे, अदलाबदल करू का? या प्रश्नालाही `y` चालतं. बोटाला सवय झालेली असते, ते दाबलं जातं, आणि आपण वेगळ्याच टूलच्या भागात शिरतो. असा प्रश्न आला की `n`, आणि ओळींचे नंबर बघून कक्षा लिहायची.

आता विम पहिल्या भोकावर थांबेल. चिठ्ठी बघून उत्तरं अशी पडतात: `y`, `n`, `n`, `y`, `n`, `y`, `n`, `n`, `y`, `n`. नवव्या ओळीवर चौथा कोपरा होतो, तिथे `l` दाबून थांबता येतं. मी दाबत नाही. दहावी ओळ डोळ्यांखालून गेली आणि तिला `n` म्हटलं, की पूर्ण यादी बघितल्याची खात्री होते. एका कळीची ती किंमत फार नाही.

शेवटी विम सांगतो, `4 substitutions on 4 lines`. ड्रॉइंगवर चार भोकं, चिठ्ठीवर चार टिक, विमचे चार बदल. तिन्ही आकडे जुळले तर पुढे. हा संदेश दोन किंवा कमी बदल असतील तर मुळात दिसत नाही, कारण विमने तशी मर्यादा ठेवली आहे. आपल्या कामात दोन भोकंही मोजायची असतात, म्हणून `:set report=0` ही ओळ माझ्या सेटिंगमध्ये कायम आहे.

कॉमेंट मी हाताने बदलतो, कारण तिला आता दोन मापं सांगायची आहेत, कोपऱ्याची २२ आणि कव्हरची १८. त्या बिघडलेल्या फाइलमध्ये कॉमेंटही `Z-22.` झाली होती. ऑपरेटरने कॉमेंट आणि ओळी पडताळून बघितल्या असत्या, तरी त्याला सगळं जुळतच दिसलं असतं.

मग `:w`, आणि जुनी फाइल शेजारी उघडायची:

```
:vert diffsplit HSG_REVA.NC
```

दोन्ही फाइली शेजारीशेजारी येतात आणि जिथे फरक आहे तेवढ्याच ओळी रंगतात. चार ओळी आणि एक कॉमेंट. पाचपेक्षा जास्त ओळी रंगल्या तर पेनड्राइव्ह काढायचा नाही. ही पायरी केली असती, तर त्या शुक्रवारी पाण्याच्या टाकीपाशी कोणी उभं राहिलं नसतं.

नवं माप लिहिताना

आतापर्यंत शोधायच्या बाजूचं झालं. बदलायच्या बाजूला एक वेगळाच धोका आहे. `Z-22.` मधला शेवटचा ठिपका हा विमच्या दृष्टीने साधं अक्षर, तिथे उलटी रेघ लागत नाही. पण तो विसरला आणि नुसतं `Z-22` टाकलं, तर फानुकसारखा कंट्रोल नेहमीच्या सेटिंगला ते २२ मायक्रॉन समजतो. ड्रिल येतं, पृष्ठभागावर ओरखडा काढून वर जातं. अलार्म नाही, काही नाही. त्यानंतर एम-८ चा टॅप न पडलेल्या भोकात जातो आणि मोडतो. मोडलेला टॅप कास्टिंगमधून काढणं म्हणजे जॉब गेल्यातच जमा.

गंमत अशी की ही चूक विम प्रत्येक प्रश्नात आपल्याला दाखवत असतो. `replace with Z-22` असं खाली लिहिलेलं असतं, ठिपक्याशिवाय. पण पहिल्या प्रश्नानंतर ते कोणी वाचत नाही. म्हणून पहिल्या थांब्यावर दोन सेकंद जास्त द्या. खालचं नवं माप अक्षर-अक्षर वाचा, ठिपक्यासकट. पुढच्या थांब्यांवर मग फक्त `X` आणि `Y`.

मध्येच थांबावं लागलं तर

शॉपमधलं काम एका दमात होत नाही. फोन येतो, चाकणहून गाडी आलेली असते, मालक हाक मारतात. अशा वेळी घाईने `a` दाबून संपवण्यापेक्षा `q` दाबा आणि निघा. झालेले बदल राहतात. परत आल्यावर जिथे होतो तिथून पुढे जायला:

```
:.,/T05 M06/&&
```

`&&` म्हणजे शेवटचा बदल, त्याच फ्लॅगांसकट. बरेच जण इथे `.,$` लिहितात, म्हणजे फाइलच्या शेवटापर्यंत, आणि आवळलेली कक्षा परत सैल होते. शेवट `T05 M06` हाच ठेवायचा. आधी `n` म्हटलेली ओळ पुन्हा विचारली गेली तर पुन्हा `n`.

आणि किती ओळींना `y` म्हटलं हेच आठवत नसेल, तर अंदाजाने दुरुस्त करत बसू नका. अजून `:w` केलेलं नाही तोवर `:e!` दिलं की डिस्कवरची फाइल जशीच्या तशी परत येते. पुन्हा पहिल्यापासून. दहा ओळींचं काम आहे.

जिथे `c` चा उपयोग नाही

मोठी फाइल असेल, शंभर-दोनशे जुळण्या असतील, तर `c` लावून सुरुवात करू नये. तेवढ्या वेळा कोणी लक्ष देऊन ओळ वाचत नाही. नियमाने सांगता येणारं सगळं आधी नियमाने वगळायचं: टूलची कक्षा, ठिपक्याआधीची उलटी रेघ. या फाइलमध्ये बोअरचं `Z-18.5` वगळायला `Z-18\.\d\@!` असंही लिहिता येतं, म्हणजे ठिपक्यानंतर अंक नको. पण ती एकच ओळ होती, तिला `n` म्हणणं सोपं. अशा पन्नास असत्या तर मी ते चिन्ह लिहिलं असतं. नियम लावून जे उरतं, आणि ज्याचा निकाल फक्त ड्रॉइंगवरून लागतो, तेवढंच `c` कडे द्यायचं. दहा ओळींतल्या कुठल्या चार बदलायच्या आणि कुठल्या सहा नाहीत, हे विमला माहीत नसतं, ते ड्रॉइंगवरूनच ठरतं. तिथे माणूस हवा.

आणि एक मर्यादा कायम लक्षात ठेवण्यासारखी. `c` आपण शोधलेल्याबद्दलच विचारतो. जे शोधायचं राहिलं, त्याबद्दल तो गप्प असतो. समजा कोपऱ्यातलं एखादं भोक त्या जुन्या सबप्रोग्रॅममध्ये `Z-18000` असं असतं, तर उलटी रेघ दिलेल्या शोधात ते आलंच नसतं. अशा वेळी ड्रॉइंगवर चार आणि विमचे बदल तीन, एवढीच खूण मिळते. आकडा कमी आला की उरलेलं भोक कुठे लिहिलंय ते शोधल्याशिवाय फाइल बंद करायची नाही.

याच रिव्हिजनमध्ये कोपऱ्यांतल्या आट्यांची खोलीही १४ वरून १८ झाली होती. ती पाच नंबरच्या टॅपच्या ओळींत, `Z-14.` म्हणून. ड्रिलचं कितीही काळजीपूर्वक केलं तरी टॅपबद्दल विम एक शब्द विचारणार नाही. ते वेगळं शोधून, वेगळ्या चिठ्ठीने करायचं. आणि क्रमही बघा. `%` लावून आधी टॅप बदलला, तर टॅपच्या ओळी `Z-18.` होतात, आणि त्यानंतर ड्रिलचा शोध त्यांच्यावरही थांबतो. तिथे सवयीने `y` पडलं की २२ मिमीच्या भोकात टॅप २२ पर्यंत उतरतो, तळाला टेकतो आणि मोडतो. म्हणून आधी ड्रिल, मग टॅप, आणि दोन्ही वेळा कक्षा त्या त्या टूलपुरती. टॅप झाल्यावर दुसरी चिठ्ठी, पुन्हा चार टिक, पुन्हा जुन्या फाइलशी शेजारीशेजारी. आता रंगलेल्या ओळी नऊ असायला हव्यात: ड्रिलच्या चार, टॅपच्या चार आणि कॉमेंटची एक. मशीनवर पहिल्या पीसला कोपऱ्याबरोबर कव्हरचंही एक भोक मोजा. जे माप बदललं नाही ते खरंच बदललेलं नाही, हे तिथेच कळतं.